तीन लिप्या, एक कढई आणि १६ पिक्सेल

"तोच लोगो बारीक करून टाका की ओ, त्यात काय एवढं!" या महिन्यात हे वाक्य चौथ्यांदा ऐकलं आणि आता खरंच डोकं फिरलंय.

गिऱ्हाईक आमच्या बेळगावातलंच, कुंद्याचं दुकान. लोगो बघा: मधे कढई, वर वाफेच्या तीन बारीक रेघा, भोवती गोल रिंग आणि रिंगेवर दुकानाचं नाव कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत. बोर्डावर छान दिसतो, याबद्दल माझी तक्रार नाही. आता त्यांना ऑर्डरसाठी वेबसाइट आणि ॲप हवंय आणि हाच लोगो ब्राउझरच्या टॅबवर जसाच्या तसा हवाय.

साध्या स्क्रीनवर टॅबचं चित्र १६ बाय १६ पिक्सेलचं असतं. त्यांची फाइल ६०० पिक्सेलची, म्हणजे ती साडेसदतीस पट लहान होणार. रिंगेची रेघ ६ पिक्सेल जाड आहे, ती होते ०.१६ पिक्सेल. अर्धामुर्धा पिक्सेल पेटत नाही, म्हणून संगणक मरून रंगाचा १६ टक्के आणि पांढऱ्याचा ८४ टक्के वाटा मिसळून तिथं एक फिकट गुलाबी डाग ठेवतो. अक्षरांची उंची ४५ पिक्सेल, तिची होते १.२. एका ओळीत अक्षर कसं मावणार? वाफेच्या रेघा आणि त्यांच्यामधली जागा एकमेकांत मिसळून कढईवर नुसता मळ साचल्यासारखं दिसतं.

यावर मालकांचा मुलगा म्हणतो, "व्हेक्टर फाइल आहे की, फुटत नाही." अरे बाबा, व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांच्या गणितानं साठवलेलं चित्र असलं, तरी शेवटी त्याच १६ चौकटींत उतरायचं ना? मोठं करताना फुटत नाही हे खरं. लहान करताना रेघ पिक्सेलपेक्षा बारीक झाली, तर कुठलीच फाइल तिला वाचवत नाही.

मग म्हणाले, निदान पहिलं अक्षर तरी घ्या. 'कुं' घ्या. मी मोजून दाखवलं. वर अनुस्वाराला २ ओळी, मधे मोकळी १, शिरोरेषा २, अक्षराचं अंग ७, खाली उकार ३. झाल्या १५. कडेला श्वास घ्यायला जागा नाही आणि 'क'च्या पोटातली पोकळी बुजली की तो गोळाच. वर आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न आहेच: एकच अक्षर घ्यायचं तर कुठल्या लिपीतलं? दुकानात खानापूरचा माणूस येतो, गोकाकचाही येतो. मालकांनाच ते नको होतं. म्हणून मी कढईच घेतली, ती सगळ्यांनाच वाचता येते.

पण तीही जुनी कढई नाही, नव्यानं काढली. बाह्यरेषा काढून टाकली आणि सगळा आकार भरीव केला. काठ २ पिक्सेल, कानांच्या आतली भोकं २ पिक्सेल, वाफेची एकच रेघ. पहिल्या खेपेला ती रेघ मी ३ पिक्सेल जाड धरली होती. १६ ही सम संख्या, तिचा मध्य दोन चौकटींच्या फटीवर येतो. त्यामुळे ३ ची रेघ मधोमध ठेवली की साडेसहापासून साडेनऊपर्यंत जाते आणि दोन्ही कडा धुरकट होतात. २ ची केली आणि लख्ख बसली. पारदर्शक पार्श्वभूमीही काढली, नाहीतर गडद टॅबवर मरून रंग गडप होतो. आता मागं पिवळा चौकोन आहे.

ॲपचा आयकॉन वेगळा बनवला, कारण अँड्रॉइडला १०८ एककांचा कॅनव्हास द्यायचा असतो, त्यातले मधले ७२ दिसतात आणि हमखास न कापलं जाणारं वर्तुळ फक्त ६६ चं. रिंगेवरची नावं बरोब्बर त्या कापल्या जाणाऱ्या पट्ट्यात येत होती. हे सगळं त्यांच्याच फोनवर दाखवलं, बिलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर टॅब उघडून दाखवलं. झूम न करता, कारण ४०० टक्क्यांवर सगळंच सुंदर दिसतं. मालक म्हणाले, "हां, आता कढई दिसायलीय."

आणि काल परत मुलाचा फोन! "कढईभोवती ती नावाची रिंग तेवढी बसवा की, पप्पांना मोकळं वाटायलंय." तीन दिवस एकेक पिक्सेल हलवून बसवलेल्या कामावर हे! रिंग बोर्डावर राहू दे, डब्यावर राहू दे, पिशवीवर छापा. टॅबवर मी ती बसवणार नाही, असं स्पष्ट सांगून टाकलंय.