ती ट्यूब आधी पालटून वाचा
"भाची मेडिकलची ट्यूब लावते, पंधरा दिवसात उजळली, पण बंद केली की तोंड लाल होऊन आग होते, काहून?"

ताई, ट्यूबवर हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५% अन् मोमेटासोन ०.१% असं लिहिलं आहे का पाहा. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. त्यानंच तोंड लवकर उजळ दिसते, पण कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, लव वाढते अन् बंद केलं की आग होते. हे तिन्ही मिळून वांगाचं औषध आहे, डॉक्टरनं थोड्या दिवसासाठी द्यायचं, लाल पट्टी अन् Rx त्याच्यासाठीच असते, पण बाजारात दुकानदार तसंच काढून देते, याचाच राग येते. हायड्रोक्विनोनही महिनोन्महिने लावलं तर कधीकधी निळसर-काळे डाग पडतात, ते लवकर जात नाहीत.

नियासिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं क्रीम, ते वेगळं. ४-५% असलं तर डाग हळूहळू फिके होतात, दोनतीन महिने लागतात, तेही उन्हापासून जपलं तर, नाहीतर निंदणाले गेलं की डाग परत. जन्माचा रंग कशानंच बदलत नाही, म्हणून "सात दिवसात गोरेपण" लिहिलेलं घेऊच नका. भाचीले स्किनच्या डॉक्टरकडे न्या, ट्यूब सोबत ठेवा, ते सांगतील कशी सोडायची.