०.३६३६… मधली शेपटी खरंच कटते का?

«नववीत शिकवतात: क्ष = ०.३६३६… धरा, शंभराने गुणा, वजाबाकी करा, ४/११ येतं. ही हातचलाखी आहे! शंभराने गुणलं की अंक दोन घरं डावीकडे सरकतात, म्हणजे शेवटी दोन अंक कमी पडतात. मग शेपट्या सारख्या कशा? कॅल्क्युलेटरवर ४ ला ११ ने भागा, परत ११ ने गुणा. ३.९९९९९९९९९९३ येतं, ४ नाही. आणि याच युक्तीने ०.९९९… = १ निघतं, जे उघड चूक आहे. ४/११ हे फक्त अंदाजे उत्तर. सगळ्या पालकांना पाठवा.»

रावेर-यावलकडच्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि नववीची मुलं तो वर्गात घेऊन येतायत. त्यातली शेपटीची शंका खरी आहे, ती हुशार मुलांनाच पडते. म्हणून आधी तीच घेतो, आणि आपल्याकडच्याच मालावर घेतो.

चार क्विंटल केळी अकरा वाटेकऱ्यांत सारखी वाटायची आहे. एकाचा हिस्सा क्ष क्विंटल धरू. चार क्विंटल म्हणजे ४०० किलो. प्रत्येकाला ३६ किलो दिले की ३९६ किलो गेले आणि ४ किलो उरले. आता हे ४ किलो त्याच अकरा जणांत वाटायचे. चार क्विंटलमधून एकाला क्ष क्विंटल मिळत असतील, तर चार किलोमधून एकाला क्ष किलोच मिळणार. माणसं तीच, आकडा तोच, फक्त माप बदललं. म्हणजे एकाचा हिस्सा झाला ३६ किलो अधिक क्ष किलो. तोच हिस्सा किलोत लिहिला तर १०० क्ष किलो. म्हणून

१०० क्ष = ३६ + क्ष

दोन्हीकडून क्ष काढा, ९९ क्ष = ३६ उरतं, आणि क्ष = ३६/९९ = ४/११. यात शेपटी कुठे लिहावीच लागली नाही. शंभराने गुणणं म्हणजे क्विंटलचे किलो करणं, आणि वजा होतो तो उरलेल्या चार किलोतला वाटा.

भागाकार मांडला तरी हेच दिसतं. ४० मध्ये ११ तीनदा जातात, बाकी ७. ७० मध्ये सहादा, बाकी ४. ज्या ४ पासून निघालो तोच ४ परत हातात आला, म्हणून पुढे पुन्हा ३, पुन्हा ६, आणि याला थांबा नाही. आवर्तन होतं ते बाकी परत आल्यामुळे. माझ्या मते हा भागाकार फळ्यावर मांडून, दोन्ही ४ भोवती गोल करूनच ही युक्ती शिकवायला हवी. नुसतं ‘शंभराने गुणा’ सांगितलं की असे मेसेज खरे वाटू लागतात.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही ४/११ पासूनच सुरुवात केलीत. फक्त अंक दिले असतील तर? तेव्हा घरं बघायची. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक अंक कुठेतरी तोडून बघितले असावेत, आणि तोडलेल्या संख्येसाठी त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. ०.३६३६ वर थांबलात तर ३६.३६ वजा ०.३६३६ म्हणजे ३५.९९६४ येतं, ३६ येत नाही. सहा अंक घेतले तर ३५.९९९९६४. पण बघा, दोन अंक वाढवले की तूट शंभरावा भाग होते: आधी ०.००३६ होती, मग ०.००००३६ झाली. ही तूट शेवटच्या दोन अंकांमुळे पडते. न तोडलेल्या संख्येला शेवटचे दोन अंकच नाहीत. दशांशचिन्हानंतरचं शंभरावं घर घ्या: क्ष मध्ये तिथे ६ आहे. १०० क्ष मध्ये त्या घरात क्ष च्या एकशे दोनाव्या घरातला अंक सरकून आला, तोही ६. विषम घर घ्या, दोन्हीकडे ३ मिळतील. दोन्ही शेपट्यांत जिथे अंक वेगळा आहे असं एकही घर दाखवता येत नाही, मग फरक उरेल कुठे?

कॅल्क्युलेटरची गोष्ट लवकर संपते. दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरला ४/११ ठेवता येत नाही, तो ०.३६३६३६३६३६३ एवढेच अंक ठेवतो आणि पुढचे सोडून देतो. त्या तोडलेल्या संख्येला ११ ने गुणलं की ३.९९९९९९९९९९३ येणारच. आठ अंकी यंत्रावर तेच ३.९९९९९९३ येतं. अपूर्णांक तोच असताना उत्तर यंत्रागणिक बदलतं, यावरूनच कळतं की तूट यंत्राची आहे. मोबाईलवरची बरीच अ‍ॅप पडद्यामागे जास्त अंक धरून ठेवतात, तिथे सरळ ४ दिसतो.

०.९९९… = १ हे मात्र चूक नाहीच. त्यासाठी वजाबाकीची युक्तीही लागत नाही, बेरीज पुरते. ४/११ म्हणजे ०.३६३६…, आणि ७/११ म्हणजे ०.६३६३… (भागाकारात बाकी ७ पासून वाचत गेलात की हेच अंक येतात). दोन्हींची घराघराने बेरीज करा: ३ आणि ६ नऊ, ६ आणि ३ नऊ, हातचा कुठेच नाही. दशांशात ०.९९९…, अपूर्णांकात ११/११. एकाच संख्येची ही दोन लेखनं आहेत. ती वेगळी आहेत म्हणणाऱ्याने दोघांमधलं अंतर सांगावं. एक शतांश म्हणाल तर ०.९९९ त्याहून जवळ आहे. एक कोटीवा भाग म्हणाल तर आठ नऊ लिहिले की त्याच्याही आत येतो.

मुलांचे गुण जातात ते वेगळ्याच ठिकाणी. पहिली चूक गुणण्याच्या आकड्याची. आवर्तन दोन अंकांचं असताना दहाने गुणलं तर ३.६३६३… वजा ०.३६३६… = ३.२७२७… येतं. शेपटी शिल्लक राहिली, म्हणजेच गुणायचा आकडा चुकला; इतकी सोपी खूण आहे. आवर्तनात जितके अंक तितकी शून्यं. दहा हजाराने गुणलं तरी चालतं, ३६३६/९९९९ येतं आणि त्याचंही संक्षिप्त रूप ४/११ च आहे, फक्त काम वाढतं.

दुसरी चूक डोक्यावरच्या रेघेची. रेघ ३६ वर असेल तर ४/११. फक्त ६ वर असेल तर संख्या ०.३६६६… आहे. तिथे १० क्ष = ३.६६६… आणि १०० क्ष = ३६.६६६…, वजाबाकी ९० क्ष = ३३, उत्तर ११/३०. आणि रेघच नसेल, नुसतं ०.३६३६३६ छापलं असेल, तर ती खंडित संख्या आहे. तिच्यावर ही युक्ती लावायची नाही. ३६३६३६/१०००००० लिहायचं आणि संक्षेप द्यायचा, ९०९०९/२५०००० येतं. उत्तर आल्यावर छेदाने अंशाला तीन-चार अंकांपर्यंत भागून बघावं: ३० ने ११ ला भागताना ३ नंतर ६ आला आणि बाकी २० वर अडकून राहिली, की समजावं रेघ बरोबर वाचली होती.