सिंड्रोम म्हणजे चुकलेल्या बिटाचा क्रमांक नव्हे

> "एक चूक दुरुस्त करणाऱ्या कोडमध्ये विशेष काही नाही. घेणाऱ्याकडे सगळ्या वैध शब्दांची यादी असते. आलेला शब्द यादीशी ताडायचा आणि सर्वांत जवळचा निवडायचा. शॉर्टकट हवा तर सिंड्रोम काढा, तो बायनरीत वाचला की चुकलेल्या बिटाचा क्रमांक मिळतो. शून्य आला तर संदेश बिनचूक. नाही आला तर तो बिट उलटवा, झालं काम. दोन बिट चुकले तर ते कळतंच."

हे सगळं तपासायला एक लहानसा कोड घेऊ, म्हणजे कुणालाही कागदावर पडताळता येईल. संदेशाचे तीन बिट x1, x2, x3 आणि त्यांच्यामागे तीन पॅरिटी बिट. बेरीज सगळीकडे मॉड्युलो २, म्हणजे 1 + 1 = 0.

```
x4 = x2 + x3
x5 = x1 + x3
x6 = x1 + x2
```

या हिशेबात अधिक आणि वजा एकच, त्यामुळे सगळी पदं एका बाजूला आणली की उजवीकडे शून्य असलेली तीन समीकरणं उरतात. त्यांच्या सहगुणकांचा तक्ता म्हणजेच पॅरिटी चेक मॅट्रिक्स:

```
    0 1 1 1 0 0
H = 1 0 1 0 1 0
    1 1 0 0 0 1
```

ज्या शब्दासाठी Hx = 0, तो कोडशब्द. असे आठच आहेत: 000000, 100011, 010101, 001110, 110110, 101101, 011011, 111000. शून्य सोडून कोणत्याही शब्दात तीनपेक्षा कमी 1 नाहीत, म्हणून कोणतेही दोन कोडशब्द निदान तीन जागी वेगळे असतात. एक चूक दुरुस्त करायला एवढं अंतर लागतं.

आता यादीचा मुद्दा. सर्वांत जवळचा कोडशब्द निवडायचा, ही व्याख्या म्हणून बरोबर आहे. त्यासाठी यादी लागते, हे बरोबर नाही. Hx = 0 ही अट दोन शब्द पाळत असतील तर त्यांची बेरीजही पाळते. 100011 आणि 010101 मिळवा, 110110 येईल, आणि तो कोडशब्दच आहे. म्हणजे सहा बिटांच्या सगळ्या ६४ शब्दांच्या सदिश अवकाशात हे आठ शब्द एक उपावकाश आहेत, मिती तीन. तो सांगायला पायाचे तीन शब्द पुरतात किंवा वरची तीन समीकरणं. आठ शब्दांच्या बाबतीत हा फरक किरकोळ वाटेल. पण याच कुळातल्या १२७ बिटांच्या कोडमध्ये संदेशाचे बिट १२० असतात आणि कोडशब्द 2^120. त्या यादीशी ताडणार कसं? तिथेही H मध्ये ओळी सातच.

खरा फायदा मात्र जागा वाचण्याचा नाही. पाठवलेला शब्द c आणि वाटेत झालेली चूक e मानली (जिथे बिट उलटला तिथे 1, बाकी 0), तर हाती येतो r = c + e. मग

```
Hr = Hc + He = 0 + He = He
```

Hr म्हणजेच सिंड्रोम. संदेश यातून पूर्ण गळून पडला! कोणता संदेश पाठवला होता याचा मागमूसही सिंड्रोममध्ये नाही, त्यात फक्त चुकीची खूण आहे. म्हणून येऊ शकणारे ६४ शब्द आठ गटांत विभागले जातात, प्रत्येकात आठ, आणि एका गटातल्या सगळ्या शब्दांसाठी संभाव्य चुकांची यादी एकच असते. एका गटासाठी कोणती चूक गृहीत धरायची हे एकदा ठरवलं की पुन्हा विचार करावा लागत नाही. याला शॉर्टकट म्हणणं मला पटत नाही. कोड उपावकाश असावा असा आग्रह धरतात तोच मुळी यासाठी.

क्रमांकाच्या गैरसमजाचं मूळ सापडतं. समजा 110110 पाठवला आणि तिसरा बिट उलटून 111110 आला. पहिल्या ओळीत x2 + x3 + x4 = 1 + 1 + 1 = 1. दुसरीत x1 + x3 + x5, तेही 1. तिसरीत x1 + x2 + x6 = 1 + 1 + 0 = 0. सिंड्रोम 110. बायनरीत वाचला तर सहा, म्हणून सहावा बिट उलटवला तर 111111 मिळेल. तो कोडशब्द नाही, त्याचा सिंड्रोम 111 येतो. म्हणजे एक चूक होती, तिच्या दोन झाल्या.

बरोबर कृती वेगळी आहे. i व्या जागी एकच चूक असेल तर He म्हणजे H चा i वा स्तंभ, एवढंच. म्हणून 110 हा H च्या स्तंभांत शोधायचा. तो तिसरा आहे, तिसरा बिट उलटवायचा आणि 110110 परत मिळवायचा. यावरून H वरच्या अटीही लगेच दिसतात. एखादा स्तंभ सगळा शून्य असेल तर तिथली चूक मुकी राहील. दोन स्तंभ सारखे असतील तर त्या दोन जागांतली चुकलेली कोणती हे कळणार नाही. या दोन गोष्टी टाळल्या की एक चूक दुरुस्त होते, मग स्तंभ कोणत्याही क्रमाने लावा. बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० च्या आपल्या शोधनिबंधात पॅरिटी बिट १, २, ४ अशा जागी ठेवले आणि i वा स्तंभ म्हणजे i हा आकडाच बायनरीत, अशी मांडणी केली. त्या मांडणीत सिंड्रोम खरोखरच क्रमांक सांगतो. ती सोय आहे आणि सुंदर आहे, पण ती त्या मांडणीची सोय आहे. संदेशाचे बिट सलग पुढे ठेवणाऱ्या कोडमध्ये ती गृहीत धरली की वरच्यासारखी फजिती होते, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये ती नेहमी दिसते. ओळखायची खूण सोपी: दुरुस्तीनंतर सिंड्रोम पुन्हा काढा. तो शून्य आला नाही, तर तुमच्या प्रोग्राममध्ये स्तंभ आणि जागा यांची जुळणी चुकली आहे.

शून्य सिंड्रोमबद्दल फार लिहायला नको. He = 0 याचा अर्थ e स्वतः कोडशब्द आहे. e हा 000000 असू शकतो, तसाच 111000 किंवा इतर सहांपैकी कुणीही. पहिले तीनही बिट उलटले तर एक कोडशब्द दुसऱ्या कोडशब्दात जातो आणि H ला काही दिसत नाही. प्रत्येक बिट स्वतंत्रपणे शेकडा एक या दराने चुकत असेल, तर असं दहा लाखांत साधारण चार शब्दांच्या बाबतीत होईल. म्हणजे क्वचित, पण अशक्य नाही. "चूक नाही" आणि "दिसेल अशी चूक नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत.

सुरुवातीच्या अवतरणातलं शेवटचं वाक्य, दोन बिट चुकले तर ते कळतंच, मात्र सर्वांत घातक आहे, म्हणून तिथे जरा थांबू. पुन्हा 110110 पाठवा आणि या वेळी पहिले दोन बिट उलटू द्या. येतो 000110. सिंड्रोम म्हणजे पहिल्या दोन स्तंभांची बेरीज, 011 + 101 = 110. हा तर तिसरा स्तंभ! डीकोडर आज्ञाधारकपणे तिसरा बिट उलटवतो, 001110 मिळतो, सिंड्रोम पुन्हा काढला तर शून्य येतो, आणि तो समाधानाने 001 हा संदेश सुपूर्द करतो. पाठवला होता 110. तीनपैकी तीनही बिट चुकीचे. आलेला शब्द तसाच ठेवला असता, दुरुस्तीला हात लावला नसता, तर संदेशाचे दोनच बिट चुकले असते.

हे दुर्मिळ उदाहरण निवडलेलं नाही. सहा जागांतून दोन निवडण्याचे १५ मार्ग आहेत. त्यांपैकी १२ जोड्यांत दोन स्तंभांची बेरीज तिसऱ्याच एखाद्या स्तंभाएवढी येते, आणि बारा वेळा डीकोडर नवी चूक घालतो. उरलेल्या तीन जोड्या म्हणजे पहिला-चौथा, दुसरा-पाचवा, तिसरा-सहावा. त्यांची बेरीज 111, आणि हा स्तंभ आपल्या H मध्ये नाही. फक्त इथे डीकोडर प्रामाणिकपणे म्हणू शकतो की एका चुकीने हे झालेलं नाही. तसं त्याने म्हणावं हे लिहिणाऱ्याने ठरवावं लागतं. कित्येकदा कोणत्या सिंड्रोमला कोणती चूक धरायची याचा तक्ता पूर्ण भरायचा म्हणून 111 समोरही कुठली तरी जोडी लिहून टाकतात. सात बिटांच्या हॅमिंग कोडमध्ये तर ही पळवाटही नाही. तिथे शून्य सोडून सातही स्तंभ वापरलेले असतात, त्यामुळे दोन चुका झाल्या की दर वेळी, अपवाद न करता, तिसरी भर पडते.

मग असा कोड वापरायचा कशाला? त्याच शेकडा एक या दराने हिशेब करा. तीन बिट नुसते पाठवले तर १० हजार संदेशांत सुमारे २९७ बिघडतात. आपल्या कोडमध्ये एकापेक्षा जास्त चुका सुमारे १५ शब्दांत होतात, आणि त्यांपैकी साधारण तीन 111 मुळे पकडल्या जातात. हा चांगला सौदा आहे. पण तो चुका सुट्या, एकमेकींपासून स्वतंत्र असतील तेव्हाचा. लागोपाठचे बिट एकदम बिघडत असतील तर हे आकडे विसरा.

दोन चुका कळायला हव्या असतील, तर तशी रचना मुद्दाम करावी लागते. सगळ्या सहा बिटांची बेरीज हा सातवा बिट जोडला, म्हणजे H मध्ये सगळ्या 1 ची एक ओळ आली, की प्रत्येक स्तंभाच्या त्या जागी 1 असतो आणि दोन स्तंभांच्या बेरजेत 0. दोनची बेरीज एकाएवढी कधीच येणार नाही. संगणकाच्या मेमरीसाठी १९७० मध्ये आयबीएमच्या शाओ यांनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने साधली: प्रत्येक स्तंभात 1 ची संख्या विषम ठेवायची. ६४ बिटांच्या डेटाला आठ तपासणी बिट, एकूण ७२ स्तंभ, आणि आठ बिटांचे विषम स्तंभ १२८ असल्यामुळे निवडायला मुबलक वाव.

आपल्या सात बिटांच्या वाढीव कोडमध्ये दोन चुकांच्या सगळ्या २१ जोड्या आता पकडल्या जातात. तीन चुका मात्र पुन्हा एकीसारख्या दिसतात: ३५ पैकी २८ त्रिकुटांत डीकोडर चौथा बिट उलटवून मोकळा होतो.