दहा वर्षांची मुदत, सहा महिन्यांचा धोका

"फ्लोटिंग रेट बाँड हे नुसतं नाव. मुदत दहा वर्षांची आहे ना? मग व्याजदर एक टक्का वाढला की साध्या बाँडसारखाच शंभरामागे सात रुपये भाव पडणार. धोका खरंच जात असता, तर सरकारी फ्लोटिंग बाँडचा भाव शंभरच्या वर-खाली कशाला दिसला असता?"

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आमच्या ग्रुपवर हा संदेश महिन्याभरात तीनदा फिरला. पाठवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कोणी उलटून बोलत नाही. काका, मीही काही वर्षं बाँडचे सौदे केले आहेत, म्हणून बोलतो.

सात रुपयांचा हिशेब साध्या बाँडसाठी बरोबर आहे. 7 टक्के कूपनचा, म्हणजे वर्षाला 7 टक्के ठरलेलं व्याज देणारा, दहा वर्षांचा बाँड घ्या. बाजार 8 टक्के मागू लागला की त्याचा भाव साधारण 93.20 होतो, कारण वीस सहामाह्या तुम्ही कमी व्याजात अडकलात. फ्लोटिंगमध्ये मात्र ते कूपनच दर सहा महिन्यांनी बदलतं, आणि संदेशात नेमकं हेच सुटलंय.

हे समजायचं तर शेवटून मागे यावं लागतं. मुदत संपायला सहा महिने उरलेत आणि आज रीसेट, म्हणजे कूपन बाजारदराने नव्याने ठरायचा दिवस, आहे. बाजारात दर 7 टक्के असेल तर कूपन 7 टक्के ठरेल, सहा महिन्यांनी 103.50 मिळतील, आणि 7 टक्क्यांनी मागे आणल्यावर त्यांची आजची किंमत होते 100. दर 9 टक्के असेल तर 104.50 मिळतील, पण ते 9 टक्क्यांनी मागे आणायचे, म्हणजे पुन्हा 100. दर काहीही निघो, त्या दिवशी उत्तर शंभरच. आता आणखी सहा महिने मागे या. पुढच्या रीसेटला बाँड 100 चा असणार हे आता माहीत आहे, म्हणून तिथे 100 अधिक कूपन मिळणार असंच धरायचं, आणि उत्तर पुन्हा 100. असं करत दहा वर्षं मागे जाता येतं. दर सहा महिन्यांनी एफडी त्या वेळच्या दराने पुन्हा करणारा माणूस दहा वर्षांच्या दरात अडकला असं आपण म्हणतो का?

दोन रीसेटच्या मध्ये थोडी हालचाल होते, कारण चालू सहामाहीचं कूपन ठरून गेलेलं असतं. रीसेट होऊन दोन महिने झालेत, चार उरलेत, असं धरा. तेव्हा हा बाँड म्हणजे चार महिन्यांनी 103.50 देणारा कागद. 7 टक्के दराने त्याची किंमत, साठलेल्या व्याजासकट, 101.14. दर अचानक 8 टक्के झाला तर 100.81. घसरण तेहतीस पैशांची. अगदी रीसेटच्या दुसऱ्या दिवशी दर चढला तरी नुकसान अठ्ठेचाळीस पैशांच्या आसपास. ड्युरेशन, म्हणजे दर हलला की भाव किती हलतो याचं माप, मोजायचं ते पुढच्या रीसेटपर्यंतच्या महिन्यांत. मुदत 2034 ची असो की 2028 ची, व्याजदराच्या धोक्यापुरता फरक पडत नाही.

मग सरकारी बाँडचा भाव शंभरवर का नसतो? हा प्रश्न चांगला आहे, काका, फक्त उत्तर व्याजदरात नाही. 2034 च्या सरकारी फ्लोटिंग बाँडचं कूपन म्हणजे 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलांच्या, म्हणजे सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांच्या, शेवटच्या तीन लिलावांतल्या उत्पन्नाची सरासरी, अधिक 0.98 टक्के. सरासरी दर सहामाहीला बदलते, पण 0.98 ची वरची भर, म्हणजे स्प्रेड, शेवटपर्यंत बांधलेली. उद्या बाजाराला अशा बाँडवर 0.60 चा स्प्रेड पुरेसा वाटला, तर जास्तीचे 0.38 दरवर्षी मिळणार म्हणून लोक शंभरापेक्षा जास्त मोजतील. वरचं "रीसेटला शंभर" हे गणित एवढ्याच अटीवर उभं आहे, की बाजार मागतो तो स्प्रेड आणि बाँडवर लिहिलेला स्प्रेड एकच असावा. शिवाय कूपन सरासरीवरून ठरत असल्यामुळे दर झपाट्याने हलत असताना ते थोडं मागे राहतं. त्याचे काही पैसे वेगळे.

आणि तुमचे सात रुपये इथेच सापडतात. एखाद्या कंपनीचा दहा वर्षांचा फ्लोटिंग बाँड बिलांच्या 6 टक्क्यांवर 1 टक्का स्प्रेड देतोय. कंपनीची पत घसरली आणि बाजार 2 टक्के मागू लागला. बिलांचा दर जागचा हललेला नाही, पण आता मिळतात 7 आणि मागितले जातात 8, तेही पूर्ण दहा वर्षं, कारण स्प्रेडला रीसेट नसतो. भाव येतो 93.20, म्हणजे साध्या बाँडइतकाच पडतो. म्हणून असा कागद किंवा अशा कागदांचा फ्लोटर फंड घेताना ड्युरेशनचा छोटा आकडा पाहून थांबू नका. बाँड कोणाचे आहेत, मुदत किती उरली आहे आणि स्प्रेड किती आहे, हेही विचारा.

संदेशासोबत फोटो होता तो रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँडचा. तो बाजारात विकताच येत नाही, त्यामुळे त्याचा भाव पडायचा प्रश्नच नाही.