चेक तेरा दिवस अडकला तर काय मिळतं: त्या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतो आहे:

"चेक भरलात आणि बँकेने दोन आठवडे लावले तरी काही मिळत नाही, उगाच डोकं फोडून घेऊ नका. चेक तुमच्या जोखमीवर असतो, स्लिपवर तसं छापलेलंच असतं. फार भांडलात तर बचतीच्या दराने शे-दोनशे रुपये टाकतात. मधल्या मध्ये हप्ता परत गेला तर तो तुमच्या खात्यात पैसे नव्हते म्हणून, त्याला बँक काय करणार? आणि लोकपाल म्हणजे वकील आणि मुंबईच्या खेपा."

मी एकोणतीस वर्षं बँकेत होतो. त्यातली बरीच क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवण्याच्या टेबलावर गेली. हा मजकूर वाचून ज्यांनी तक्रार करायचं सोडलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वेंगुर्ल्याजवळच्या एका वहिनींचं प्रकरण नुकतंच हातून गेलं, त्याच्याच आधाराने सांगतो.

वहिनींचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. दिवाळीच्या मालाचे पैसे म्हणून कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने तीन लाख साठ हजारांचा चेक दिला. तो त्यांनी सोमवारी, १० नोव्हेंबर २०२५ ला सकाळी साडेअकराला काउंटरवर देऊन स्लिपच्या तुकड्यावर शिक्का घेतला. पैसे जमा झाले २४ नोव्हेंबरला. खातं कॅश क्रेडिटचं, म्हणजे मर्यादेपर्यंत हवी तेवढी उचल करायची आणि उचलीवर व्याज भरायचं; मर्यादा आठ लाख, व्याज ११ टक्के, आणि त्या सगळ्या दिवसांत उचल सात लाख नव्वद हजारांच्या आसपास.

आधी जोखमीचं. चेक वाटेत किंवा पैसे देणाऱ्या बँकेच्या शाखेत हरवला, तर जबाबदारी वसुली करणाऱ्या बँकेची, खातेदाराची नाही, असं रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेच्या परिपत्रकात स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे. नवा चेक मिळवण्याचा खर्च आणि त्यामुळे लागलेल्या वाजवी वेळाचं व्याजही बँकेने द्यायचं आहे. स्लिपवर छापलेली ओळ त्या सूचनेच्या वर जात नाही. चेक न वटता परत येण्याची जोखीम तुमची, हे खरं. पण चेक बँकेच्याच पिशवीत पडून राहिला, तर ती जोखीम तुमच्याकडे येतच नाही.

वहिनींच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. शाखेत स्कॅनर नव्हता. चेक पिशवीतून जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाखेत जायचे आणि तिथे त्यांची प्रतिमा काढून पुढे पाठवली जायची. त्या दिवशीचा चेक जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात गेला आणि २१ तारखेला कुणाच्या तरी नजरेस पडला. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मी त्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगू शकतो. पण हेतू नव्हता म्हणून व्याज थांबत नाही.

उशीर कुणाचा, हे शोधायचा रस्ता सोपा आहे. चेक देणाऱ्याच्या बँकेने नाकारला असेल, तर कारण लिहिलेला रिटर्न मेमो मिळतो. सही जुळत नाही, तारीख तीन महिन्यांहून जुनी आहे, मोठ्या रकमेच्या चेकची माहिती देणाऱ्याने आधी कळवली नाही, अशी ती कारणं असतात. त्याची भरपाई तुमच्या बँकेकडे मागता येत नाही. मेमो नाही आणि पैसेही नाहीत, तर चेक बहुधा पुढे गेलेलाच नसतो. अशा वेळी शाखेला एकच लेखी प्रश्न विचारायचा: माझ्या चेकची प्रतिमा क्लिअरिंगला कोणत्या तारखेला पाठवली? ही तारीख यंत्रणेत नोंदलेली असते, ती कुणाला बदलता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक गठ्ठ्याने न जाता दिवसभर एकेक करून पुढे जातात, आणि देणाऱ्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवलं नाही तर तो मंजूर धरला जातो. त्यामुळे 'कोल्हापूरहून यायला वेळ लागला' हे उत्तर आता चालत नाही. वहिनींना लेखी मिळालेली तारीख होती २१ नोव्हेंबर. म्हणजे काउंटरवरून पुढे जायलाच अकरा दिवस गेले होते.

आता बचतीच्या दराचं. मजकुरातली ही ओळ अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. ऑगस्ट २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की स्थानिक चेकला उशीर झाल्यास किती व्याज द्यायचं ते प्रत्येक बँकेने आपल्या चेक वसुली धोरणात लिहावं. तिथे दर लिहिलेलाच नसेल, तर बचत खात्याच्या दराने द्यावं. म्हणजे बचतीचा दर ही शेवटची पायरी आहे. धोरणात वेगळा दर लिहिला असेल तर तो लागू होतो. बऱ्याच बँकांच्या धोरणात हेही लिहिलेलं असतं की चेकचे पैसे कर्जखात्यात किंवा कॅश क्रेडिटला जमा व्हायचे असतील तर भरपाई त्या कर्जाच्या दराने, आणि ग्राहकाने मागितली नाही तरी द्यायची. हे धोरण बँकेच्या वेबसाइटवर असतं आणि शाखेत मागितलं की दाखवावं लागतं. माझ्या अनुभवात भांडणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी ते उघडून पाहिलेलं नसतं. ती सात-आठ पानं वाचली की अर्धं काम होतं.

वहिनींच्या बँकेच्या धोरणाप्रमाणे चेक दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबरला जमा व्हायला हवा होता. २४ पर्यंत तेरा दिवस झाले. तीन लाख साठ हजारांवर ११ टक्क्यांनी दिवसाला १०८ रुपये ४९ पैसे होतात, तेरा दिवसांचे १,४१०. बँकेने पहिल्या उत्तरात अडीच टक्के बचत दर धरून ३२० रुपये ५५ पैसे देऊ केले. वहिनी ते घ्यायला निघाल्या होत्या. "काका, मिळतायत तेवढे तरी घेऊया," म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, सही करू नका. तुम्ही अकरा टक्क्यांनी भरलंय, अडीचने परत का घ्यायचं?"

अशा खात्यात पैशांची भरपाई मागण्यापेक्षा व्हॅल्यू डेट बदलून मागावी. जमा नोंद २४ चीच राहते, पण व्याज मोजण्यासाठी ती ११ तारखेची धरली जाते आणि यंत्रणा व्याज स्वतःच पुन्हा मोजते. शाखा व्यवस्थापकालाही हे सोपं पडतं, कारण खर्चाच्या नोंदीला वरची मंजुरी लागते आणि चूक दुरुस्त करायला तेवढी लागत नाही. मात्र हा हिशेब तेव्हाच पुरा लागू होतो जेव्हा उशिराच्या सगळ्या दिवसांत उचल चेकच्या रकमेहून जास्त असते. उचल दोनच लाख असती, तर कर्जाच्या दराचं नुकसान दोन लाखांवरच धरलं गेलं असतं.

हप्त्याचं उत्तर थोडं लांबेल, कारण लोक सगळ्यात आधी माघार घेतात ती इथेच. १५ नोव्हेंबरला वहिनींच्या टेम्पोचा १४,२०० रुपयांचा हप्ता वित्त कंपनीने लावला. मर्यादेत दहा हजारच शिल्लक होते, हप्ता परत गेला. बँकेने परताव्याचे जीएसटीसह २९५ रुपये कापले, वित्त कंपनीने ५९०. 'खात्यात पैसे नव्हते' हे बरोबर आहे, पण ते का नव्हते? चेक ११ ला जमा झाला असता तर १५ ला साडेतीन लाखांहून जास्त जागा असती. ही साखळी कागदावर दाखवता आली पाहिजे: शिक्क्याची स्लिप, १० ते २४ तारखेचा खातेउतारा, हप्त्याची तारीख, परताव्याची नोंद आणि वित्त कंपनीची मागणी. ११ तारखेनंतर तुम्ही दुसरीकडे मोठी रक्कम काढली असेल, किंवा हप्ता चेक भरायच्या आधीच परत गेला असेल, तर साखळी तुटते आणि मागणी टिकत नाही.

यासोबत आणखी एक गोष्ट मागायला लावली. हप्ता बँकेच्या चुकीने परत गेला, असं वित्त कंपनीच्या नावे पत्र. ५९० रुपये एकदाच जातात, पण कर्जइतिहासात चुकलेल्या हप्त्याची नोंद पडली तर पुढचं कर्ज घेताना ती आडवी येते. हे पत्र लगेच मागावं.

तक्रारीचा अर्ज एका पानाचा होता. त्यातला गाभा असा: "दि. १०/११/२०२५ रोजी काउंटरवर दिलेला चेक आपल्या लेखी उत्तरानुसार दि. २१ रोजी क्लिअरिंगला पाठवला गेला. आपल्या चेक वसुली धोरणाप्रमाणे जमा नोंदीची व्हॅल्यू डेट दि. ११/११/२०२५ करावी, परतावा शुल्क रु. २९५ परत करावे, वित्त कंपनीने आकारलेले रु. ५९० द्यावेत व त्या कंपनीस खुलाशाचे पत्र द्यावे." मनस्ताप, वय, गावातली अब्रू यातलं काही लिहिलं नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आणि तोच मजकूर बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकून क्रमांक घेतला.

व्हॅल्यू डेट, २९५ रुपये आणि पत्र या तिन्ही गोष्टी दोन आठवड्यांत झाल्या. ५९० मात्र 'त्रयस्थ कंपनीचे शुल्क' म्हणून नाकारले.

तेव्हा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं रिझर्व्ह बँकेचं कार्यालय. बँकेने तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारली, किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, की cms.rbi.org.in वर तक्रार टाकता येते. फी नाही. वकिलामार्फत तर तक्रार घेतच नाहीत, तो वकील स्वतः पीडित खातेदार असल्याशिवाय. मुंबईलाही जावं लागत नाही, कागद स्कॅन करून जोडायचे. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांनी चंदिगडच्या केंद्राला टपालाने पाठवावं, चौकशीसाठी १४४४८ हा मोफत क्रमांक आहे. तक्रार परत येते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसतो. शाखेत तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. वहिनींच्या मुलीने मोबाइलवरूनच तक्रार भरली, आणि कार्यालयाने बँकेकडे विचारणा केल्यावर ५९० रुपये खात्यात आले.

दोन मर्यादा सांगतो. चेक पेटीत टाकला असता तर १० तारीख सिद्ध करणं कठीण झालं असतं. काउंटरवर पोच नाकारता येत नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, त्यामुळे 'पेटीत टाका' म्हटलं तरी शिक्का मागायचा. दुसरी गोष्ट पतसंस्थेची. आपल्याकडे बरेच जण चेक पतसंस्थेत भरतात आणि ती तो आपल्या बँकेतून वटवते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध हा लोकपाल चालत नाही. तिथे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्यावा लागतो, आणि उशीर पतसंस्थेत झाला की तिच्या बँकेत, हे आधी लेखी विचारून घ्यावं लागतं.