फूलबाजारातला सीन आणि तार लागलेला आवाज

गर्दीच्या जागी संवाद तिथेच कसे रेकॉर्ड करावेत यावर लिहिलं होतं, त्यावर आलेली प्रतिक्रिया: "सगळी थिअरी आहे. आम्ही मंडईत दोन्ही कलाकारांच्या कपड्यांना लेपल माइक लावून शूट केलं, तरी मागचा गोंधळच जास्त. शेवटी डबच करावं लागलं. छोट्या बजेटवाल्यांना वाइल्ड ट्रॅक, बूमवाला असलं सांगून खर्चात का पाडता? डबिंगला आधार म्हणून नुसता पायलट साउंड घ्या, स्टुडिओत डब करा, मोकळे व्हा."

डबिंगशी माझं वैर नाही, मीही करतो. पण गोंगाटात माणूस नुसता मोठ्याने बोलत नाही. त्याचा सूर चढतो, स्वर लांबतात, शब्द जरा तोडून येतात. हे आपोआप होतं. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी 1911 साली ते मांडलं, म्हणून त्याला लोंबार इफेक्ट म्हणतात. स्टुडिओच्या शांततेत तोच नट तेच वाक्य बोलतो तेव्हा हा ताण निघून जातो. वर मंडईचा कितीही गलका टाका, माणूस खोलीत बसून बोलतोय हे कळतंच. डब करायचंच असेल तर नटाच्या हेडफोनमध्ये त्याच जागेचा गलका जोरात सोडा आणि मग वाक्य घ्या.

आता तुमचा लेपल. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. गर्दी मात्र चारही बाजूंनी येते, ती तेवढीच राहते. म्हणजे एका मीटरवरचा माइक 25 सेंटिमीटरवर आणला तर 12 डेसिबलचा फायदा. पण तो पोटाशी, शर्टच्या चौथ्या बटणाला लावला की निम्मा फायदा तिथेच जातो. शिवाय लेपल बहुधा सगळीकडून ऐकणारा असतो, त्यामुळे अंतर हेच त्याचं एकमेव शस्त्र.

दादरच्या फूलबाजारातला आमचा सीन सांगतो. आई हार ओवत बसलीय, मुलगा पैसे मागायला आलाय, नऊ वाक्यं. आईचा माइक ब्लाउजच्या काठाला, पदराआड, छातीच्या हाडाशी टेपने बसवला. पहिल्याच टेकला टकटक. मंगळसूत्राचा मणी माइकवर आपटत होता, तो टेपने अंगाला चिकटवला. मग बांगड्या. हार ओवताना काचेच्या बांगड्या प्रत्येक वाक्यावर किणकिणत होत्या, म्हणून प्लास्टिकच्या घातल्या. लाँगमध्ये कुणाला कळतंय! हे सगळं हेडफोन लावून बसलेला माणूस होता म्हणून सापडलं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा मीटर छान हिरवा नाचत होता.

बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, वरून खाली धरला. माइक आडवा धरला की नटाच्या मागची गर्दी थेट त्यात येते. वरून धरला की त्याच्या तोंडासमोर जमीन असते, आणि जमीन शांत असते.

तरीही भर गर्दीत आम्ही फक्त अख्खा सीन लांबून दाखवणारा मास्टर आणि चालतानाचे शॉट घेतले. क्लोजअप तिथे घेतलेच नाहीत. क्लोजअपमागे दिसतं काय? धूसर झेंडू आणि निळी ताडपत्री. दोन टोपल्या आणि ताडपत्रीचा तुकडा घेऊन दुपारी जवळच्या एका बोळात गेलो, उजेड जुळेल अशा सावलीत. नऊपैकी सात वाक्यं तिथे मिळाली. तिथेही लोंबार आडवा आलाच. बोळात आई हळू बोलायला लागली. म्हणून प्रत्येक टेकआधी सकाळचा रेकॉर्ड केलेला गलका तिला इयरफोनवर अर्धा मिनिट ऐकवला, तो काढला आणि लगेच ॲक्शन. सूर बरोबर त्याच पट्टीत लागला.

सकाळी बाजारात कलाकारांना गप्प ठेवून, त्याच माइकवर तीन मिनिटं नुसता गलकाही घेतला होता. बोळातल्या वाक्यांखाली तोच अंथरला. तो नसता तर कट पडताच बाजार गायब झाला असता.

राहिला खर्च. वाइल्ड ट्रॅक म्हणजे सीन संपल्या संपल्या कलाकारांना काचा लावलेल्या, इंजिन बंद गाडीत बसवून तीच वाक्यं त्याच लयीत तीनदा बोलायला लावणं. दहा मिनिटं लागतात. स्टुडिओची पाळी आणि नटाची तारीख यांचा हिशेब तुम्हीच करा.

या सगळ्याची हद्द हॉर्नपाशी संपते. रस्त्याची घरघर खालच्या पट्टीत असते, लो कट फिल्टरने बरीचशी निघते. हॉर्न आवाजाच्याच पट्टीत बसतो, तो काढायला गेलं की शब्दही सोलून निघतो. उरलेल्या दोनपैकी एका वाक्याला लाँगमध्येच हॉर्न आला. ओठ स्पष्ट दिसत नव्हते, गाडीतला वाइल्ड ट्रॅक बसला. दुसरं मुलाचं "मग विक ना ते" हे वाक्य कुठूनच बसेना. ते डब केलं. हेडफोनमध्ये फूलबाजार सोडून.