भांडं बदललं, पाइप तोच: वॉटरलेस युरिनलबद्दलच्या दाव्याला उत्तर

«सार्वजनिक इमारतीत जुनी फ्लशची युरिनल काढा आणि वॉटरलेस लावा. फक्त भांडं बदलायचं, पाइपला हात लावायची गरज नाही. पाणीच नाही म्हटल्यावर खार धरत नाही, पाइप तुंबत नाही. देखभाल शून्य. कधी वास आलाच तर बादलीभर पाणी आणि थोडं ॲसिड ओतायचं, विषय संपला.»

वॉटरलेस युरिनल चांगली चालतात, मी त्यांच्या विरोधात नाही. पण या सल्ल्यावर विसंबून जिथे काम होतं, तिथे वर्ष-दीड वर्षात भिंत फोडायची वेळ येते आणि दोष भांड्यावर जातो. म्हणून एकेक मुद्दा घेतो. सुरुवात पाइपपासून, कारण सगळं तिथेच बिघडतं.

फ्लशचं पाणी भांडं धुतं, पण त्याचं मोठं काम भिंतीमागे चालतं. एका रांगेत चार भांडी आहेत आणि दिवसाला चारशे जण वापरतात असं धरा. माणशी साधारण 300 मिली धरली तर दिवसाला 120 लिटर मूत्र झालं. प्रत्येक फ्लशला 2 लिटर पाणी सुटत असेल, तर त्यासोबत 800 लिटर पाणीही जायचं. म्हणजे रोज 920 लिटर वाहून नेणाऱ्या पाइपमध्ये आता फक्त 120 लिटर जातं. शिवाय 2 लिटर पाणी एकदम सुटलं की पाइपमध्ये लोट येतो आणि तळाशी साचलेलं पुढे ढकलतो. 300 मिलीची धार तळाला चिकटून, पातळ थरासारखी सरकते. तिला ढकलणारं मागून काहीच येत नाही. तिला पुढे नेतो तो फक्त ढाळ.

त्या चार भांड्यांची आडवी लाइन 6 मीटर लांब आहे आणि जुन्या प्लंबरने ती शंभराला एक अशा ढाळात टाकली आहे असं समजा. म्हणजे पूर्ण लांबीत 60 मिमी उतार. फ्लश असताना हे चालून गेलं. वॉटरलेससाठी मात्र पन्नासाला एक, म्हणजे मीटरमागे 20 मिमी, हा किमान ढाळ धरावा. 6 मीटरला त्याचे 120 मिमी होतात. हे वरचे 60 मिमी आणायचे कुठून? भांड्यांच्या आउटलेटची उंची ठरलेली असते आणि उभ्या पाइपचा जोड स्लॅबजवळ अडकलेला असतो. इथे पुष्कळदा लाइन दोन भागांत तोडणं सोयीचं पडतं. दोन-दोन भांड्यांची 3 मीटरची एकेक शाखा करून प्रत्येक शाखा वेगळ्या उभ्या पाइपला दिली, तर हाताशी असलेल्या त्याच 60 मिमीत पन्नासाला एक ढाळ मिळतो. ब्रिटनच्या इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेत 40 मिमीच्या युरिनल शाखेसाठी 3 मीटर हीच कमाल लांबी दिली आहे. ढाळ मीटरमागे 18 ते 90 मिमी आणि लांबी जमेल तितकी कमी ठेवा, म्हणजे साका बसणार नाही, असं तिथे सांगितलं आहे.

एकूण उतार बरोबर असला तरी पाइपला मध्येच पोट सुटलेलं असू शकतं. पीव्हीसीचा पाइप दीड-दीड मीटरवर क्लॅम्पला टांगला आणि मध्यावर 10 मिमी खाली झुकला, असं धरा. शंभराला एक ढाळात अर्ध्या अंतरात, म्हणजे 75 सेंमीत, उतार मिळतो 7.5 मिमीचा. झोळ 10 मिमीचा आहे. म्हणजे मध्यापासून पुढच्या क्लॅम्पपर्यंत पाइप अडीच मिमी वर चढतो. तिथे कायमचं डबकं राहतं. तेवढाच झोळ पन्नासाला एक ढाळात असता, तर 15 मिमीतून 10 गेले तरी पाइप 5 मिमी खालीच उतरला असता. म्हणून ढाळासोबत क्लॅम्पमधलं अंतरही कमी हवं, अर्धा ते पाऊण मीटर. आणि मोजमाप नुसतं दोन टोकांवर न करता प्रत्येक क्लॅम्पपाशी लेव्हल पाइप लावून करायचं.

या डबक्यात जे घडतं, ते «पाणी नाही तर खार नाही» या समजाला उत्तर आहे. ताज्या मूत्राचा पीएच साधारण 6 असतो आणि त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट विरघळलेलं असतं. साचलेल्या मूत्रातले जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि पीएच 9 च्या आसपास जातो. त्या पीएचला मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून स्फटिक होतात. त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. कॅल्शियम फॉस्फेटही सोबत बसतं. फ्लश असला की डबक्यातलं जुनं पाणी दर वेळी बदलतं. फ्लश नसला की ताजं मूत्र जुन्या, आधीच अमोनियाने भरलेल्या मूत्रात मिसळतं आणि खार तिथल्या तिथे खाली बसतो.

असा पाइप कापून पाहिला की तळाचा तिसरा हिस्सा पिवळसर-पांढऱ्या लगद्याने भरलेला दिसतो. वरचा थर बोटाने निघतो, खालचा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागतो. वरची अर्धी गोलाई मात्र जवळपास कोरी असते. क्लॅम्पजवळ थर पातळ आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये जाड दिसला, तर कारण पोट सुटणं हेच आहे, दुसरं शोधायला नको.

फ्लशवाल्यांनी यात समाधान मानू नये. मूत्रातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजकंच असतं, ते संपलं की नवा खार बनणं थांबतं. फ्लशचं पाणी जड असेल तर ते दर वेळी ताजं कॅल्शियम आणून देतं. त्यामुळे जड पाण्याच्या ठिकाणी, पाणी वाचवायचं म्हणून फ्लश अगदी तुटपुंजा केला, तर वॉटरलेसपेक्षा कठीण खडा धरतो, आणि तो लगदा नसतो, दगड असतो. म्हणजे खार दोन्हीकडे बसतो, फरक त्याच्या जातीत आणि जागेत आहे.

पाइप कशाचा आहे तेही भांडं बदलण्याआधी बघावं लागतं. जुनी शाखा तांब्याची असेल किंवा जोड पितळी असतील, तर न मिसळलेलं मूत्र आणि त्यातला अमोनिया त्यांना खातो आणि जोडातून भिंतीत गळती सुरू होते. तिथे पीव्हीसी किंवा एचडीपीई टाकूनच पुढे जावं. काटकोनी एल्बोच्या जागी लांब बेंड घ्यावेत आणि लाइनच्या वरच्या टोकाला क्लीनिंग आय ठेवावा, नाहीतर साफ करायला आत जाणार कुठून?

आता ट्रॅप. फ्लशच्या युरिनलमध्ये ट्रॅपमधलं 50 ते 75 मिमी पाणी गटाराचा वायू अडवतं आणि प्रत्येक फ्लशला ते बदललं जातं. वॉटरलेसमध्ये हेच काम कार्ट्रिज करतं. एका प्रकारात मूत्रापेक्षा हलकं तेलासारखं द्रव वर तरंगतं, मूत्र त्याखाली जातं आणि द्रव झाकण बनून राहतं. दुसऱ्या प्रकारात सिलिकॉनची पातळ पट्टी असते. ती धारेने उघडते आणि मिटते. दोन्ही झिजणाऱ्या वस्तू आहेत. द्रव दर वापराला थोडं थोडं वाहून जातं, पट्टीच्या कडेला खार बसला की ती पूर्ण मिटत नाही. उत्पादक कार्ट्रिजचं आयुष्य वापराच्या संख्येत देतात, अनेकदा पाच ते सात हजार वापर.

आपल्या उदाहरणात भांड्यामागे दिवसाला सरासरी शंभर वापर होतात, म्हणजे 6,000 वापरांचं कार्ट्रिज साठ दिवसांत संपेल. पण लोक चार भांडी सारखी वापरत नाहीत. दाराजवळच्या भांड्यावर दोनशे जण जात असतील, तर त्याचं कार्ट्रिज महिन्यातच जाईल. चारही एकाच तारखेला बदलायचं वेळापत्रक केलं, तर एक भांडं अर्धा काळ वास मारतं आणि कोपऱ्यातल्या भांड्याचं चांगलं कार्ट्रिज कचऱ्यात जातं. प्रत्येक भांड्याची नोंद वेगळी ठेवावी. कार्ट्रिजवर द्रव साचून हळूहळू उतरायला लागलं, तर बदलायची वेळ झाली असं समजावं. नवं कार्ट्रिज घालूनही तसंच होत असेल, तर अडथळा खाली पाइपमध्ये आहे.

बादलीभर पाणी चुकीचं नाही, ते ओतायची वेळ चुकीची सांगितली आहे. द्रवाच्या कार्ट्रिजवर बादली ओतली की झाकण म्हणून असलेलं तेलच वाहून जातं आणि तासाभरात वास आधीपेक्षा वाढतो. साबणाचं पाणीही ते तेल फोडतं. सफाई कर्मचाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. तो सवयीने, चांगल्या हेतूने रोज पाणी मारतो आणि कार्ट्रिज आठवड्यात निकामी होतं. भांडं ओल्या फडक्याने, उत्पादकाने सांगितलेल्या क्लीनरने पुसायचं. बादली ओतायची ती जुनं कार्ट्रिज काढल्यावर आणि नवं घालण्याआधी: दहा-पंधरा लिटर, एकदम. जो लोट फ्लश रोज द्यायचा, तो इथे निदान कार्ट्रिज बदलताना मिळतो.

ॲसिडने हा खार विरघळतो, ते खरं आहे. पण ते कार्ट्रिज काढून थेट पाइपमध्ये जायला हवं, आणि त्यासाठी सायट्रिक किंवा सल्फामिक ॲसिडसारखं सौम्य काहीतरी पुरतं. जुन्या लगद्यात सल्फाइड असतात, त्यांवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. तो विषारी वायू आहे, म्हणून दारं-खिडक्या उघड्या आणि पंखा चालू असल्याशिवाय हे काम कोणाला करायला सांगू नये. ब्लीच आणि ॲसिड एकामागून एकही नाही, क्लोरीन सुटतो. मूत्रावर नुसतं ब्लीचही नको, अमोनियाशी मिळून क्लोरामाइन होतात आणि डोळे-घसा जळतात.

ॲसिड हातात घेण्याआधी वास येतो कुठून ते शोधा. रात्री इमारत बंद झाल्यावर चारही आउटलेट प्लास्टिकने घट्ट झाका. सकाळी वास तेवढाच असेल तर भांडी निर्दोष आहेत. अशा वेळी बहुतेकदा फरशीवरचा नहाणी ट्रॅप कोरडा पडलेला सापडतो. वॉटरलेस आल्यावर फरशीवर पाणी येणं थांबतं, ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि गटाराचा वायू थेट खोलीत येतो. त्यात आठवड्याला लिटरभर पाणी घातलं की पुरतं.

बांधकाम नवं असेल तर सर्वांत चांगला उपाय हात धुण्याची बेसिनं त्याच शाखेच्या वरच्या टोकाला जोडण्याचा. बेसिनचं पाणी वेगळा खर्च न करता दिवसभर त्याच पाइपमधून वाहत राहतं. काही देशांच्या प्लंबिंग संहितांमध्ये वॉटरलेसच्या वरच्या बाजूला पाणी सोडणारं निदान एक उपकरण सक्तीचं आहे, ते यासाठीच. जुन्या इमारतीत बीममुळे ढाळ वाढवता येत नसेल, दुसरा उभा पाइप जवळ नसेल आणि बेसिनंही जोडता येत नसतील, तर तिथे वॉटरलेस लावू नये. फ्लशच ठेवावा. पाणी जड नसेल तर तो लिटरभरापर्यंत कमी करता येतो. त्याआधी ढाळ मोजावा, पोट सुटलेल्या ठिकाणी क्लॅम्प वाढवावेत आणि पहिले काही महिने क्लीनिंग आय उघडून तळाशी थर धरतोय का ते बघत राहावं.